तू, तुम्ही आणि 'यू' : मराठी-इंग्लिश मिसळून केलेल्या फ्लर्टिंगचे अनुभव

ओट्यावरची
काल रात्री भाची गॅलरीत फोनवर होती आणि मी आत मटार सोलत बसले होते. पहिला अर्धा तास नुसतं 'ब्रो', 'लिटरली', 'शट अप यार', खिदळणं, आवाज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत. मग एकदम आवाज खाली आला आणि ती म्हणाली, "ऐक ना." पुढचं मला ऐकू आलं नाही, पण काय ते कळलं. मटार तसेच ठेवून मी थेट २००६ सालात पोचले.

तेव्हा मी पुण्यात एका आयटी कंपनीत नवीन होते. दुसऱ्या टीममधला एकजण माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा होता. ओळख करून देणाऱ्याने 'अहो-जाहो' करत करून दिली, त्यामुळे तेच चिकटलं. तो मला 'तुम्ही', मी त्याला 'तुम्ही'. पण ऑफिसच्या मेसेंजरवर आम्ही इंग्लिशमध्ये बोलायचो आणि तिथे दोघंही वेगळीच माणसं होतो. "यू हॅड लंच?" "यू आर इम्पॉसिबल." 'यू'ला काही कळतच नाही ना, समोरचा 'तू' आहे की 'तुम्ही'! समोरासमोर आलो की पंचाईत. मग दोघंही अशी वाक्यं बोलायचो ज्यात माणूसच नसतो. "कॉफीला जायचं का?" "झालं का जेवण?" "उद्या यायचं आहे का?" तीन आठवडे आम्ही क्रियापदाला शेपूट लागू न देता काढले. आज विचार केला तर केवढी ती कसरत!

जुलै होता. संध्याकाळी पावणेसातला, बाहेर धो धो पाऊस, कंपनीची बस सुटायला दहा मिनिटं. मेसेंजरवर रोमनमध्ये आलं, "निघालीस का?"

'निघालात का' नाही. निघाली'स'.

मी त्या एका 'स'कडे बघत बसले आणि बस गेली. आधी नुसतं 'हो' लिहिलं आणि खोडलं. मग 'निघते आहे, तुम्ही?' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी "निघते आहे. तू?" असं लिहून एंटर दाबलं आणि मॉनिटरच बंद केला.

आता तुम्ही सांगा तुमचं. कुठली गोष्ट इंग्लिशमध्ये सहज बोललात आणि मराठीत जीभ अडली? किंवा उलटं?

ताकभात
बस गेली मग घरी कशी गेलीस ते सांग आधी 😄

ओट्यावरची
रिक्षाने. एकटी. दीडशे रुपये घेतले मेल्याने.

शब्दखोर
तुम्ही जे 'माणूस नसलेली वाक्यं' म्हणालात ना, ती मराठीची खास सोय आहे. जायचं का, घ्यायचा का चहा, बसायचं का जरा. सुना सासऱ्यांशी असंच बोलायच्या आणि नवं जोडपं एकमेकांशीही. नातं ठरलेलं नसतं तेव्हा क्रियापद तटस्थ ठेवायचं. इंग्लिश त्याच कामाला येतं, फक्त तिथे आपल्याला कसरत करावी लागत नाही, भाषाच लपवते.

आणि नुसतं तू-तुम्ही नाही. 'हॅड लंच?' मध्ये समोर मुलगा आहे की मुलगी तेही नाही. 'जेवलीस का' म्हटलं की नातं आणि समोरची व्यक्ती बाई, दोन्ही एका 'लीस'मध्ये आलं. म्हणून मराठीत विचारलेला साधा प्रश्नसुद्धा जवळ येऊन विचारल्यासारखा वाटतो.

कट्टा_किंग
सिंपल गोष्ट आहे. मराठीत फ्लर्टिंगला शब्दच नाही कारण आपल्यात ती पद्धतच नव्हती. इंग्लिश आलं म्हणून सुरू झालं सगळं. आपण डायरेक्ट स्थळ बघायचो

ताकभात
शब्द नाही?? लाडीगोडी, सलगी, चावटपणा, नखरे, खडा टाकून बघणे, लाईन मारणे (बरं, यात लाईन इंग्लिश आहे, मारणं आपलं)

रंकाळा
लावणी काय हरिपाठ आहे का भावा

कट्टा_किंग
😂 ओके ओके. पण हे सगळे शब्द एकतर टीका करणारे आहेत नाहीतर तमाशातले. 'ती त्याच्याशी चावटपणा करत होती' आणि 'शी वॉज फ्लर्टिंग' सेम वाटतं का?

शब्दखोर
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. पद्धत होती. तिला दूषण न देणारं नाव नव्हतं.

मावशी_६४
मी पहिल्यांदाच लिहिते आहे चुकल्यास सांभाळून घ्या. आमच्या वेळी असं काही नव्हतं. ह्यांनी लग्न ठरल्यावर पत्र लिहिलं होतं, १९८३ साली, मिरजेहून. सगळं पत्र मराठीत, हवापाणी, आईची तब्येत, आणि शेवटच्या ओळीत इंग्रजीत फक्त 'युवर्स'. खाली नाव. 'आपला' लिहिलं असतं तर बँकेच्या पत्रासारखं वाटलं असतं आणि 'तुझा' लिहिण्याची त्यांची हिंमत नव्हती. वडिलांनी आधी फोडून वाचलं, त्यांना काहीच वावगं वाटलं नाही, माझ्या हातात दिलं. मी तो शब्द दिवसातून दहादा बघायची. मटारची उसळ करताना मटार आधी वाफवू नये, ओट्यावरची ताई.

ओट्यावरची
मावशी 🥹 आणि मटार करंज्यांसाठी होते.

मांजराकाठ
सगळे म्हणतायत इंग्लिश सोपं, मराठी जड. माझं उलटं आहे, म्हणून लिहितो.

मी लातूर जिल्ह्यातला. २०१० ला पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात 'पानी' म्हणालो आणि मागच्या बाकावरून 'पाणी रे, पाणी' असं आलं. सगळे हसले, तीसुद्धा हसली. तेव्हापासून तिच्याशी मी मराठी बोललोच नाही. म्हणजे लोकांनी इंग्लिश घेतलं मनातलं लपवायला, मी घेतलं माझा 'न' लपवायला. इंग्लिशमध्ये ण नसतो भाऊ.

आता माझं इंग्लिश म्हणजे बारावीच्या निबंधाचं. म्हणून फॉरवर्डमध्ये आलेल्या शायऱ्या आणि 'फ्रेंडशिप इज लाईक' वगैरे ढकलायचो. दिवसभर. २०११ च्या सप्टेंबरात एसएमएसवर दिवसाला १०० ची मर्यादा आली, तेव्हा माझ्यासारख्यांचे लई हाल झाले. पुढे २०० केली पण तोवर सवय लागली होती, पाठवायच्या आधी विचार करायची. मग स्वतःचं लिहायला लागलो, रोमनमधून मराठी. त्यात एक मजा अशी की रोमनमध्ये n एकच. पाणी लिहा नाहीतर पानी, दिसतं सारखंच.

तिथेच माझं जमलं. लिहिताना मी पुणेरी पण होतो आणि लातूरचा पण.

शब्दखोर
तुमचा प्रतिसाद आवडला. देवनागरीत लिहिलं असतं तर एका मेसेजमध्ये ७० च अक्षरं बसली असती, काना-मात्रा धरून. रोमनमध्ये १६०. त्या पिढीचं प्रेम रोमन लिपीत झालं त्याला हे पैशाचं कारणही होतं, आणि निम्म्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन यायचे ते वेगळंच.

तर्री
मग ती काय म्हणाली मांजराभाऊ? लय सस्पेन्स करून राहिला तू

मांजराकाठ
म्हणाली बोलतोस तसं का लिहीत नाहीस. मी म्हणालो कसं. म्हणाली 'लई' लिही की. मी लिहिलं. तिने रिप्लाय केला 'लई क्यूट'. झालं, तिथून पुढे दीड वर्ष चाललं. नंतर संपलं, त्याला भाषेचं कारण नव्हतं. पण तो 'लई क्यूट' खरा होता का माझी मजा घेत होती, हे मला आजही ठरवता येत नाही.

ताकभात
दोन्ही असणार रे.

रंकाळा
आमच्याकडे वेगळाच लोचा. कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो', 'मी जेवलो' असंच बोलतो. मुंबईला जॉबला आलो तर ऑफिसातल्या एका मुलाने चॅटवर विचारलं जेवण झालं का, मी लिहिलं 'आत्ताच जेवलो, तू?' प्रोफाइलला फोटो नव्हता, माझं नाव पण पोराला-पोरीला दोन्हीकडे चालतं. महिनाभर तो मला 'भाई' म्हणत होता. भाई म्हणून स्वतःच्या क्रशचं सगळं सांगितलं. क्रश मीच होतो 😭 म्हणजे माझा आवाज मीटिंगमध्ये ऐकलेला आणि ती वेगळी कोणीतरी मॅडम समजत होता.

तर्री
हे खोटं आहे बे 😂😂

रंकाळा
आईशप्पथ. आता नवरा आहे माझा. अजून चिडला की भाई म्हणतो.

अर्धी_इडली
माझा नवरा तमिळ. कॉमन भाषा इंग्लिश, ऑफिसपण इंग्लिश, भांडणपण इंग्लिश. त्यामुळे आमच्यात इंग्लिश ही बिलं भरायची भाषा झाली आणि लाडात यायचं असेल तर तो मराठीत येतो. शिकला कुठे तर माझे आणि भावाचे फोन ऐकून. म्हणून मला 'काय रे', 'ये रे', 'रुसलास का रे'. मी सुधारलं नाही, मला गोड वाटायचं. मग एक दिवस तो माझ्या आईला म्हणाला, "आई, चहा घेतोस का रे?"

आईने घेतला चहा. पण मला आत बोलावून विचारलं, घरात तुमचं असंच चालतं का?

ताकभात
मेले हसून, कुकरची शिट्टी मोजायची राहिली

शब्दखोर
'रे' आणि 'गं' हे खरं तर सगळ्यात ताकदवान आहेत. 'स्टॉप इट' म्हणजे थांब. 'स्टॉप इट ना' म्हणजे थांबू नकोस. 'स्टॉप इट रे' म्हणजे मला तुझी सवय झाली आहे. वाक्य अख्खं इंग्लिश, पण चव त्या शेवटच्या अक्षराची. आणि 'हं'. 'छान दिसतेस' हे कौतुक, 'छान दिसतेस हं' म्हणजे मी नीट बघितलंय.

कट्टा_किंग
सर तुम्ही प्रोफेसर आहात की अनुभवी 😏

शब्दखोर
दोन्ही नाही. प्रूफरीडर आहे. घटस्फोटित.

कट्टा_किंग
सॉरी सर

शब्दखोर
अहो चालायचंच. तिला 'मला तू आवडतेस' कधी म्हणालो नाही, 'आय लाइक यू' मात्र शंभरदा. इंग्लिश वाक्यात 'मी' पुढे असतो, आवडून घेणारा. मराठीत क्रियापद तिच्यामागे चालतं, मी नुसता 'मला'. हे मला कामात माहीत होतं, घरी नाही.

बिनसाखरेचा
सर हे जरा जास्तच होतंय. 'आय लाइक यू' म्हणणारे लाखो लोक सुखाने नांदतायत. व्याकरणाने संसार मोडत नाही.

शब्दखोर
खरं आहे. मोडला त्याची कारणं वेगळी होती. पण आठवतं ते हेच.

निनावी
नाव न देता लिहिते. सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू. माझा आधीच्या ठिकाणचा वरिष्ठ मला चॅटवर 'डिअर' लिहायचा. मग 'लुकिंग हॉट टुडे'. मग हसणारी इमोजी. मी काही बोलले की 'चिल यार, जस्ट किडिंग'. मलाच वाटायचं मी गावंढळ आहे, मला इंग्लिश थट्टा कळत नाही. तो बाकी सगळं मराठीत बोलायचा. फाईल, सुट्टी, चहा, राग, सगळं मराठी. फक्त हे इंग्लिशमध्ये.

एकदा जेवताना चार जणींसमोर मी म्हटलं, सर, सकाळी जे लिहिलंत ना मला, ते मराठीत सांगा ना सगळ्यांना. लाल झाला. एक शब्द फुटला नाही. त्यानंतर बंद झालं. सगळ्यांच्या बाबतीत होईल असं म्हणत नाही, मी मेसेजही जपून ठेवले होते आणि त्याला ते माहीत होतं. पण तेव्हापासून मी मनातल्या मनात हेच करते. इंग्लिशमध्ये कोणी काही म्हणालं की मराठीत करून बघते, ते वाक्य त्याने माझ्या भावासमोर म्हटलं असतं का. कधी कधी म्हटलं असतं, ते चालतं मला.

ओट्यावरची
बरं केलंस. आणि लिहिलंस तेही बरं केलंस.

मावशी_६४
शाब्बास गं पोरी.

जर्सीकर
इकडची गंमत. मुलगा १७ वर्षांचा, जन्म इकडचा. मराठी मंडळाच्या गणपतीत एक मुलगी भारतातून नुकतीच आलेली. याला वाटलं मराठीत बोलून इम्प्रेशन मारावं. शब्दाला शब्द लावला आणि म्हणाला, "तू खूप गरम आहेस." तिने त्याला पाणी आणून दिलं आणि आईला सांगितलं त्याला वाटतंय मला ताप आहे.

तर्री
😂😂😂 पोट्टं गेलं कामातून

बिनसाखरेचा
माझा प्रश्न वेगळा आहे. जर्सीकर, मुलाला मराठी वाचायला कसं शिकवलंत? माझी मुलगी आठवीत आहे, इंग्लिश मिडियम, जोडाक्षरं येत नाहीत.

जर्सीकर
वाचायला येत नाही हो त्याला पण. बोलतो फक्त, आणि ते असं.

चहाटळ_२३
काका काकू लोक, सध्याचं सांगते. आता इंग्लिशमध्ये 'हे ब्यूटिफुल' वगैरे लिहिणारा म्हणजे अंकल, लगेच ब्लॉक. आणि 'j1 झालं का' लिहिणारा म्हणजे मीम. पण गंमत म्हणजे 'j1 झालं का' चेष्टेत लिहितात, मग रोज लिहितात, मग एक दिवस नाही आलं तर आपणच फोन बघत बसतो. माझ्या एकाने तीन महिने चेष्टेत विचारलं. परवा परीक्षेच्या टेन्शनमध्ये मी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. त्याने नीट देवनागरीत लिहिलं, 'जेवलीस का?' ना एक, ना इमोजी. मला रडूच आलं. कीबोर्ड बदलून लिहिलं त्याने!!

ताकभात
मग जेवलीस का??

चहाटळ_२३
मॅगी.

मांजराकाठ
कीबोर्ड बदलणे 👌 आमच्या वेळी सिमकार्ड बदलायचो.

कट्टा_किंग
मी परवा ट्राय केलं. एकीला फुल मराठीत, शुद्ध, लिहिलं. 'तुझ्याशी बोलून बरं वाटतं.' रिप्लाय आला 'आर यू ओके?' पोपट.

शब्दखोर
वाक्य चांगलं होतं. आधीचे दोन महिने तुम्ही काय लिहीत होता ते बघा. एकदम भाषा बदलली की माणूस दचकतो. आजारी आहे, नाहीतर पैसे मागणार आहे असं वाटतं.

कट्टा_किंग
आधी रील्स पाठवत होतो फक्त 🙈

रंकाळा
ओट्यावरची, मूळ गोष्ट अर्धी सोडलीस. 'तू?' वर काय रिप्लाय आला?

तर्री
हो ना बे, मॉनिटर बंद करून पळाली ती

ओट्यावरची
करंज्या तळून आले, आता सांगते.

सकाळी मॉनिटर सुरू केला तर त्याचं एक वाक्य होतं, "थांबलो होतो गेटपाशी." मी तर मागच्या गेटने गेले होते, रिक्षा तिकडे मिळते. पुढे वर्षभर आम्ही तू-तू होतो. छान होतं. इंग्लिश फक्त भांडताना, 'फाईन', 'व्हॉटेव्हर', 'ॲज यू विश'. तो 'फाईन' म्हणाला की मी समजायचे की आज संध्याकाळ गेली. मग तो बंगलोरला गेला. शेवटचा मेल इंग्लिशमध्ये होता, चार ओळी, शेवटी 'टेक केअर'. 'जप' असं लिहिलं असतं तर मी कदाचित फोन केला असता. किंवा नसता केला, कोण जाणे, तेव्हा घरीही माझं बरंच काही चाललं होतं.

नऊ वर्षांनी पुणे स्टेशनवर भेटला. माझ्या कडेवर मुलगा, नवरा पाण्याची बाटली आणायला गेलेला. त्याने मला लांबूनच ओळखलं. जवळ आला, मुलाच्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "कशा आहात?"

ताकभात
आई गं

अर्धी_इडली
😭

मावशी_६४
तुम्ही काय म्हणालात मग?

ओट्यावरची
म्हटलं, "मजेत. तुमची गाडी कुठली?"

बिनसाखरेचा
जोडाक्षरांचं कोणी सांगितलं नाही अजून.